क्विंटलने घेतलेली तूरडाळ, एक किलोची पाकिटे आणि हाती उरणारा नफा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूर, अकोला यांसारख्या डाळमिलच्या गावांतून क्विंटलच्या भावाने तूरडाळ आणायची, ती चाळून एक किलोच्या पाकिटांत भरायची आणि शहरातल्या दुकानांना पुरवायची, हा व्यवसाय अनेक बचत गट आणि छोटे व्यापारी करतात. या व्यवसायात भांडवल मोठे असते आणि किलोमागचा नफा लहान असतो; त्यामुळे हिशोबातली दोन-तीन टक्क्यांची चूकही महिनाभराच्या मेहनतीचा मोबदला खाऊन टाकू शकते. खालील प्रश्न या हिशोबापुरतेच मर्यादित आहेत. उदाहरणातील भाव समजावून सांगण्यासाठी घेतले आहेत. वाचकांनी तेथे आपल्या बाजारातला त्या दिवसाचा भाव घालावा.

एक क्विंटल डाळीतून एक किलोची शंभर पाकिटे निघतात, असे धरून हिशोब केला तर काय बिघडते?

शंभर पाकिटे निघत नाहीत, हे पहिले उत्तर आहे. बिलावर शंभर किलो लिहिलेले असते. पण त्या शंभरातून बारदान्याचे वजन, चाळणीखाली पडणारी चुरी, वाया गेलेली डाळ आणि प्रत्येक पाकिटात जास्त गेलेले काही ग्रॅम वजा झाल्यावर जे उरते, तेवढेच पाकिटांच्या रूपाने दुकानात जाते. बरीच मंडळी क्विंटलचा भाव शंभराने भागतात, त्यात पिशवीचे दोन-अडीच रुपये मिळवतात आणि त्या आकड्याला आपली किंमत समजतात. वास्तविक खर्च सगळा शंभर किलोंवर झालेला असतो आणि पैसे मात्र अठ्ठ्याण्णव पाकिटांचे येतात. म्हणून एकूण खर्चाला विकण्याजोग्या पाकिटांच्या संख्येने भागायचे, खरेदीच्या किलोंनी नव्हे. पुढचा सगळा हिशोब या एका गोष्टीवर उभा आहे.

प्रत्यक्ष उदाहरण घेऊन हा हिशोब मांडता येईल का?

समजा, पुण्यातील एका गटाने लातूरहून १० क्विंटल फटका तूरडाळ ५० किलोच्या २० कट्ट्यांत मागवली. भाव क्विंटलला ११,२०० रुपये, म्हणजे मालाचे १,१२,००० रुपये झाले. ट्रकचे भाडे क्विंटलला १५० रुपयांप्रमाणे १,५०० रुपये आणि उतरवून घेण्याची हमाली कट्ट्याला १५ रुपयांप्रमाणे ३०० रुपये धरली, तर डाळ आपल्या दारात १,१३,८०० रुपयांना पडली. किलोमागे हे ११३ रुपये ८० पैसे होतात. पण हा आकडा कागदावरच्या हजार किलोंचा आहे.

आता वजनाकडे पाहू. डाळ उतरल्यापासून पाकिटाचे तोंड तापलेल्या पट्टीने चिकटवून होईपर्यंत प्रत्येक टप्प्यावर काय गेले, ते असे :

| टप्पा | गेलेले वजन (किलो) | उरलेले वजन (किलो) |
|---|---|---|
| बिलावरचे वजन | – | १,०००.०० |
| बारदाना (२० कट्टे, प्रत्येकी १२० ग्रॅम) | २.४० | ९९७.६० |
| चाळणीत निघालेली चुरी, टरफल, खडे | ९.०० | ९८८.६० |
| जमिनीवर पडून वाया गेलेली डाळ | १.६० | ९८७.०० |
| पाकिटात सरासरी ४ ग्रॅम जास्त भरल्यामुळे | ३.९३ | ९८३.०७ |

म्हणजे ९८३ पाकिटे भरली आणि तळाशी मूठभर डाळ उरली. हजारातून सतरा पाकिटे कमी झाली. चाळणीखालच्या नऊ किलोंपैकी सात किलो चुरी ६० रुपये किलोने विकली गेली, तर तिचे ४२० रुपये परत आले. उरलेले दोन किलो टाकून द्यावे लागले.

भरण्याचा खर्च पुढीलप्रमाणे धरला आहे. पिशव्या १,००० लागल्या, कारण फाटलेल्या आणि नीट न चिकटलेल्या पंधरा-सोळा पिशव्या बदलाव्या लागतातच. एका पिशवीला १ रुपया ६० पैसे म्हणजे १,६०० रुपये. लेबल ६० पैशांप्रमाणे ६०० रुपये. पंचवीस पाकिटे मावतील अशा बाहेरच्या ४० मोठ्या पिशव्यांचे ४०० रुपये. दोन बायका दोन दिवस, एक दिवस मुख्यतः चाळण-निवडण आणि दुसरा दिवस भरणे-तोलणे-चिकटवणे, प्रत्येकी ५०० रुपये रोजाने २,००० रुपये. वीज आणि यंत्राची झीज २०० रुपये आणि जागेच्या भाड्यातला या मालाचा वाटा ६०० रुपये. सगळे मिळून ५,४०० रुपये, म्हणजे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक पाकिटावर जवळपास साडेपाच रुपये.

एकूण खर्च १,१३,८०० अधिक ५,४००, त्यातून चुरीचे ४२० वजा, म्हणजे १,१८,७८० रुपये. याला ९८३ ने भागले की एका पाकिटाची खरी किंमत १२० रुपये ८३ पैसे येते. दुकानदाराला १२६ रुपयांनी दिले, तर विक्री १,२३,८५८ रुपये आणि नफा ५,०७८ रुपये होतो, म्हणजे पाकिटामागे सव्वापाच रुपयांना थोडे कमी.

हाच हिशोब हजार पाकिटे धरून आणि चुरीचा विचार न करता केला असता, तर नफा ६,८०० रुपये दिसला असता. कागदावर दिसणाऱ्या नफ्याचा पाव हिस्सा, १,७२२ रुपये, मुळात अस्तित्वातच नव्हता.

सांडलवंडीचा तोटा सर्वांत मोठा असतो का?

नसतो, आणि हे आकडे पाहिले की बहुतेकांना आश्चर्य वाटते. वरच्या उदाहरणात जमिनीवर पडून वाया गेलेली डाळ १.६ किलो आहे; पाकिटात जास्त गेलेली डाळ जवळपास चार किलो आहे आणि बारदान्याच्या वजनात गेलेली २.४ किलो आहे. सांडलेली डाळ डोळ्यांना दिसते म्हणून तिची हळहळ वाटते. पाकिटात चार ग्रॅम जास्त गेले, हे कोणाला दिसत नाही. पण तो तोटा सांडण्याच्या दुपटीहून मोठा आहे.

शिवाय सांडणे आणि वाया जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भरणाऱ्या बाईसमोर स्टीलची मोठी परात ठेवली आणि खाली रोज धुतलेली, फक्त याच कामाची ताडपत्री अंथरली, तर परातीत पडलेली डाळ पुन्हा भरता येते आणि तिचा तोटा शून्य असतो. मात्र जमिनीवर, पायाखाली किंवा काट्याच्या आजूबाजूच्या धुळीत पडलेली डाळ पाकिटात कधीही जाता कामा नये. ती वेगळ्या डब्यात जमा करावी, दिवसाच्या शेवटी तोलावी, वहीत लिहावी आणि जनावरांच्या खाद्यात द्यावी. माणसाच्या खाण्याचा माल विकताना या बाबतीत कोणतीही तडजोड मला मान्य नाही.

कट्ट्यावर ५० किलो लिहिले असताना आत ५० किलो डाळ नसते का?

ते सौद्यावर अवलंबून असते. काही ठिकाणी भरती निव्वळ असते, म्हणजे कट्ट्यात ५० किलो डाळ आणि बारदान्याचे वजन त्याव्यतिरिक्त. काही ठिकाणी बारदान्यासह ५० किलो तोलले जातात. प्लास्टिकच्या विणलेल्या कट्ट्याचे वजन शंभर-सव्वाशे ग्रॅमच्या आसपास असते, तर तागाच्या पोत्याचे अर्धा किलोहून जास्त भरते. प्लास्टिकच्या कट्ट्यात क्विंटलमागे पाव किलो जातो आणि तागाच्या पोत्यात एक किलोहून अधिक. म्हणून भाव ठरवतानाच ‘वजन निव्वळ की बारदान्यासह’ हे विचारून बिलावर लिहून घ्यावे. माल उतरताना सगळे कट्टे तोलणे जमत नसेल, तर निदान चार-पाच कट्टे कोणतेही निवडून तोलावेत आणि त्यांतला एक रिकामा करून बारदाना वेगळा तोलावा. तूट आढळली, तर ती ट्रकवाल्यासमोर नोंदवून त्याच दिवशी मिलला कळवावी. आठ दिवसांनी केलेल्या तक्रारीला कोणी उत्तर देत नाही. रिकामे कट्टे मात्र फेकू नयेत. त्यांना गिऱ्हाईक असते.

चाळणीखाली किती माल जाईल, हे खरेदीपूर्वी ओळखता येते का?

बऱ्याच अंशी येते. कट्ट्याच्या फक्त वरच्या थरातून मूठभर डाळ घेऊन अंदाज बांधू नये, कारण वाहतुकीत चुरी आणि पीठ खाली बसते. बंबी, म्हणजे कट्ट्यात खुपसायची टोकदार पोकळ नळी, मारून कट्ट्याच्या मधून आणि तळातून नमुना काढावा. तीन-चार कट्ट्यांतून असा एक किलो नमुना गोळा करावा, आपण रोज वापरतो त्याच जाळीच्या चाळणीतून तो चाळावा आणि खाली पडलेली चुरी व पीठ एक ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर तोलावे. नऊ ग्रॅम निघाले, तर क्विंटलमागे साधारण नऊशे ग्रॅम जाणार. पंचवीस ग्रॅम निघाले, तर अडीच किलो.

यातून स्वस्त मालाची खरी किंमत कळते. समजा, दुसऱ्या मिलची डाळ क्विंटलला १०० रुपयांनी स्वस्त आहे, पण तिच्यात अडीच किलो चाळण निघते. पहिल्या मालापेक्षा तिच्यात १.६ किलो पाकिटाची डाळ कमी मिळेल. १२६ रुपयांच्या विक्रीभावाने हे दोनशे रुपये झाले. जास्तीच्या चुरीचे शंभराच्या आत-बाहेर रुपये परत आले, तरी चाळण्याचा आणि निवडण्याचा वेळ वाढतो आणि वाचवलेले शंभर रुपये जवळपास तिथेच संपतात. म्हणून दोन मालांची तुलना क्विंटलच्या भावाने न करता पाकिटाच्या किमतीने करावी.

पाकिटात नेमके किती वजन भरावे? कमी भरले गेले, तर काय होते?

कायद्याची अपेक्षा आधी समजून घ्यावी. वैधमापनशास्त्राच्या २०११ च्या आवेष्टित वस्तू नियमांनुसार एक किलोच्या पाकिटात १५ ग्रॅमपर्यंतची त्रुटी एखाद्या पाकिटात आढळली, तर ती सहन केली जाते. पण तपासलेल्या पाकिटांची सरासरी जाहीर वजनापेक्षा कमी भरता कामा नये. त्यामुळे सगळी पाकिटे ९९० ग्रॅमची भरून ‘पंधरा ग्रॅमची सूट आहे’ असे म्हणता येत नाही. ती सूट हाताने भरताना होणाऱ्या चढउतारासाठी आहे, नफ्यासाठी नाही. हे वजन निव्वळ डाळीचे आहे. पिशवीचे पाच-सहा ग्रॅम त्यात धरणे म्हणजे ग्राहकाला प्रत्येक पाकिटात तेवढी डाळ कमी देणे होय. रिकामी पिशवी पारड्यात ठेवून काटा शून्यावर आणावा आणि मगच भरावे.

आता जास्त भरण्याचा प्रश्न. वरच्या उदाहरणात पाकिटामागे एक ग्रॅम जास्त गेला की हजार किलोंत जवळपास एक पाकीट कमी होते. सरासरी ४ ग्रॅमवरून २ ग्रॅमवर आणली, तर दोन पाकिटे, म्हणजे अडीचशे रुपये वाचतात. पगार न वाढवता, भाव न वाढवता. मी लक्ष्य १,००२ ग्रॅमचे ठेवण्याचा सल्ला देतो. त्याखाली जाण्याचा प्रयत्न केला, तर हाताच्या चढउतारामुळे सरासरी हजाराखाली घसरण्याचा धोका राहतो.

ते जमण्यासाठी काटा तसा हवा. किराणा दुकानातला तीस किलोंचा काटा बहुधा पाच-पाच ग्रॅमच्या टप्प्याने वजन दाखवतो. त्यावर ९९८ आणि १,००२ यांतला फरक दिसतच नाही आणि भरणारी बाई भीतीने दहा ग्रॅम जास्तच टाकते. एक किंवा दोन ग्रॅमचा टप्पा दाखवणारा लहान क्षमतेचा काटा घ्यावा आणि त्याची दरवर्षी वैधमापनशास्त्र विभागाकडून पडताळणी करून शिक्का घ्यावा. मोठ्या वाटीने साधारण ९८० ग्रॅम ओतायचे आणि उरलेले चमच्याने पुरे करायचे, ही पद्धत वेगाची आहे. दर तासाला तयार पाकिटांतली दहा उचलून एकत्र तोलावीत, दहा रिकाम्या पिशव्यांचे वजन वजा करावे आणि दहाने भागून आलेली सरासरी भिंतीवरच्या तक्त्यात लिहावी. पंखा थेट काट्यावर असेल, तर आकडा स्थिर राहत नाही; पंख्याचे तोंड फिरवावे.

साठवलेल्या डाळीचे वजन आपोआप कमी होते का? आमच्याकडे एप्रिलमध्ये हिशोब जुळत नाही.

होते, आणि त्यात कोणाची चोरी नसते. डाळीत ओलावा असतो. कोरड्या उन्हाळी हवेत विणलेल्या कट्ट्यातून तो हळूहळू निघून जातो. डाळीतला ओलावा ११ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आला, तर वजन १.११ टक्के घटते, कारण कोरडा भाग ८९ किलो तेवढाच राहतो आणि तो आता एकूण वजनाच्या ९० टक्के असतो. दहा क्विंटलमागे ही घट ११ किलोंची झाली. खरेदीच्या भावाने तिची किंमत सुमारे १,२६० रुपये होते, म्हणजे उदाहरणातल्या संपूर्ण नफ्याचा चौथा हिस्सा. नवी तूर बाजारात आल्यावर, जानेवारी ते मार्चमध्ये, भाव उतरलेला पाहून दोन-तीन महिन्यांचा साठा करणारे ही घट हिशोबात धरत नाहीत आणि मग मजुरांवर संशय घेतात.

ती मोजण्याचा उपाय सोपा आहे. माल आल्या दिवशी चार कट्टे तोलून त्यांच्यावर शाईने वजन आणि तारीख लिहावी, आणि ते फोडण्यापूर्वी पुन्हा तोलावेत. जो फरक येईल, तो त्या साठ्याची घट म्हणून वहीत जावा. पावसाळ्यात याच्या उलट वजन किंचित वाढलेले दिसते. पण त्याचा आनंद मानू नये, कारण ओल धरलेल्या डाळीला वास लागतो, कीड पडते आणि ती पाकिटे दुकानातून परत येतात.

वाया गेलेल्या एका किलोची किंमत खरेदीच्या भावाने धरावी की विक्रीच्या?

भरलेले प्रत्येक पाकीट विकले जात असेल, तर वाया गेलेल्या किलोने तुमचे एक पाकीट हिरावले. त्याची किंमत विक्रीचा भाव वजा वाचलेली पिशवी आणि लेबल, म्हणजे उदाहरणात १२६ वजा २ रुपये ६० पैसे (बाहेरच्या पिशवीचा वाटा धरून), १२३ रुपये ४० पैसे. मजुरी वाचत नाही, कारण रोज ठरलेला असतो. याउलट मागणीच कमी असेल आणि माल तसाही महिनाभर पडून राहणार असेल, तर तोटा डाळ आपल्या दारात पडलेल्या भावाचा, ११३ रुपये ८० पैशांचा, धरावा. नवा काटा घ्यावा की नाही, असे निर्णय घेताना पहिला आकडा उपयोगी पडतो. वर्षअखेरीस शिल्लक मालाचे मूल्य लिहिताना मात्र विक्रीचा भाव कधीही धरू नये; न झालेला नफा त्यात आधीच लिहिला जातो.

पिशव्यांची शिवण उघडते आणि पाकिटे परत येतात. कारण काय असावे?

बहुतेक वेळा कारण पिशवीत नसून डाळीच्या पिठात असते. भरताना डाळीचे बारीक पीठ पिशवीच्या आतल्या बाजूला, तोंडाशी चिकटते. त्यावर तापलेली पट्टी दाबली की दोन थरांच्या मध्ये पीठ राहते आणि शिवण वरून ठीक दिसूनही ताकद धरत नाही. नीट चाळलेल्या डाळीत हा त्रास निम्म्याहून कमी होतो. भरताना रुंद तोंडाचे नरसाळे पिशवीत दोन-तीन इंच आत जाईल असे धरावे, म्हणजे तोंडाची पट्टी स्वच्छ राहते. चिकटवल्यावर पाकीट आडवे ठेवून तळहाताने दाबून पाहावे. हवा सुटली, तर ते लगेच बाजूला काढावे. शिवण तपकिरी होऊन सुरकुतली असेल, तर उष्णता जास्त आहे. नखाने सोलता आली, तर कमी आहे.

परत आलेल्या पाकिटाचा तोटा डाळ स्वच्छ असेल तर फक्त पिशवी, लेबल आणि दोन वेळच्या मजुरीचा असतो. ते फुटून गाडीत पसरले, तर सगळे पाकीट गेले असे समजावे.

घरातल्याच माणसांनी भरले, तर मजुरी शून्य धरायची का?

नाही. धरली नाही, तर नफा आणि मजुरी एकमेकांत मिसळतात आणि धंदा वाढवताना पहिला पगारी माणूस ठेवला की नफा कुठे गेला, हे कळत नाही.

वस्तू व सेवा कराचा या हिशोबावर काय परिणाम होतो?

फार मोठा होतो, आणि धंदा वाढू लागल्यावर अनेकांना तो उशिरा कळतो. १८ जुलै २०२२ पासून, आधीच पॅक करून लेबल लावलेल्या २५ किलोपर्यंतच्या डाळीवर ५ टक्के कर लागतो. पन्नास किलोच्या कट्ट्यातली डाळ करमुक्त येते. ती एक किलोच्या लेबल लावलेल्या पाकिटांत गेली की करपात्र होते. महाराष्ट्रात केवळ वस्तूंची आणि राज्याच्या आतच विक्री करणाऱ्याला साधारणपणे वर्षाला ४० लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी सक्तीची नाही. उदाहरणातला दहा क्विंटलचा एक फेरा सव्वा लाखाच्या जवळ आहे. महिन्याला असे तीन फेरे केले, तर वर्षाची उलाढाल ४४ लाखांच्या वर जाते.

त्यानंतर दुकानदार १२६ रुपयेच देणार असेल, तर त्यातले सहा रुपये कराचे आणि तुमच्या हाती १२० रुपये. पाकिटाची किंमत १२० रुपये ८३ पैसे आहे. ९८३ पाकिटांवर ८२० रुपयांचा तोटा झाला. पिशव्या-लेबलांवर भरलेल्या कराची वजावट मिळून चारएकशे रुपये परत आले, तरी तोटा उरतोच. डाळीच्या खरेदीवर कर नसल्यामुळे तिथे वजावट काहीच नाही. म्हणजे एकाच भावाने, एकाच कष्टाने, केवळ मर्यादा ओलांडल्यामुळे पाच हजारांचा नफा तोट्यात जातो. म्हणून तिसरा फेरा सुरू करण्याआधीच कर धरून नवा भाव दुकानदारांशी बोलून ठेवावा आणि नोंदणीचा निर्णय कर सल्लागाराला विचारून घ्यावा.

लेबल आणि परवान्यांचा खर्च कुठे धरावा?

पाकिटावर पॅक करणाऱ्याचे नाव-पत्ता, मालाचे नाव, निव्वळ वजन, पॅकिंगचा महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापावा लागतो. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाची नोंदणी किंवा परवाना, ज्याचा चौदा अंकी क्रमांक लेबलवर येतो, आणि वैधमापनशास्त्राकडे पॅकर म्हणून नोंदणी, हे खर्च वर्षाचे किंवा एकदाचे आहेत. त्यांची आणि काटा-पडताळणीची बेरीज करून वर्षभरात अपेक्षित पाकिटांनी भागावी. किलोमागे ती पैशांतच येते. जुनी किंमत छापलेली लेबले मात्र शेकड्याने वाया जातात. डाळीचा भाव हलता असल्यामुळे किंमत आणि महिना जागेवर छापता येईल, अशी रिकामी जागा लेबलवर ठेवावी.

दुकानदार महिनाभराने पैसे देतो. त्याचा खर्च कसा धरायचा?

त्या पैशाला व्याज असते, मग ते बँकेचे असो वा स्वतःच्या मोडलेल्या ठेवीचे. उदाहरणातल्या १,१८,७८० रुपयांवर वर्षाला १२ टक्के दराने एका महिन्याचे व्याज जवळपास १,१९० रुपये होते. पाकिटामागे हे १ रुपया २१ पैसे आहेत. ५,०७८ रुपयांच्या नफ्यातून ते वजा केले की ३,८९० रुपयांच्या आसपास उरतात; दोन महिन्यांची उधारी दिली, तर निम्माच नफा हाती राहतो. त्यामुळे रोखीने घेणाऱ्या दुकानदाराला पाकिटामागे एक रुपया सूट देणे आपल्याही फायद्याचे असते.

मिलवाल्याशी बोलताना जास्तीत जास्त किती भाव द्यावा, हे उलट्या हिशोबाने काढता येते का?

येते, आणि फोन उचलण्यापूर्वी तो आकडा वहीत लिहिलेला असावा. दुकानदार रोखीने १२६ रुपये देणार आहे आणि पाकिटामागे निदान चार रुपये नफा हवा आहे, असे धरू. मग पाकिटाची किंमत १२२ रुपयांच्या वर जाता कामा नये. एका क्विंटलमागे ९८.३ पाकिटे निघतात, म्हणून १२२ गुणिले ९८.३, म्हणजे ११,९९३ रुपये हा क्विंटलमागच्या सगळ्या खर्चाचा वरचा आकडा झाला. त्यात चुरीचे ४२ रुपये मिळवावेत. भरण्याचा खर्च ५४० आणि भाडे-हमालीचे १८० रुपये वजा करावेत. उरतात ११,३१५ रुपये. मिलचा भाव ११,३०० रुपयांच्या आत असेल तर सौदा करावा. ११,५०० सांगितला, तर पाकिटामागे जेमतेम दोन रुपये उरतील आणि ते उधारीच्या दीड-दोन महिन्यांत संपतील. यातला ९८.३ हा आकडा प्रत्येकाचा वेगळा असतो. मागच्या तीन-चार फेऱ्यांची भरलेली पाकिटे भागिले बिलावरचे क्विंटल, असा तो स्वतःच्या वहीतून काढावा आणि चाळणीचा नमुना मागच्या मालापेक्षा वाईट आला, तर त्या प्रमाणात खाली आणावा.